पट्टी मुलांची: भजनाच्या वर्गाविषयी पालकांना पत्र

पालक मंडळी,

आषाढी सरली की आपल्या शनिवारच्या भजनाच्या वर्गाचं सत्र सुरू होतं आणि कार्तिकी एकादशीला गावातल्या विठ्ठल मंदिरात मुलं गातात तेव्हा ते संपतं. सात ते दहा वर्षांच्या मुलांचा एक गट, अकरा ते चौदाचा दुसरा. या सुमारे चार महिन्यांत मुलं हरिपाठातला एक अभंग, 'सुंदर ते ध्यान', एक गौळण आणि पसायदान एवढंच शिकतील. 'एवढंच?' असं दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: 'बाई, आमची मुलगी घरी एवढी खणखणीत ओरडते, मग वर्गात आवाज का काढत नाही?' पहिल्या प्रश्नाकडे पुढे येते. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे पट्टी. वर्गाबाहेर घाईघाईत ते सांगता येत नाही, म्हणून हे पत्र जरा लांब झालं आहे.

गाणारा आपला 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. 'सा' वर सरकवला की सगळं गाणं वर सरकतं, खाली आणला की सगळं खाली येतं. चाल तीच राहते, पण ती गळ्याला झेपेल की नाही हे पट्टीवर ठरतं. मोठ्या पुरुषाची पांढरी एक म्हणजे सेकंदाला साधारण 131 कंपनं. सात-आठ वर्षांच्या मुलाचा साधा बोलण्याचा आवाजच याच्या दुप्पट उंचीच्या आसपास, म्हणजे मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या घरात असतो. त्या वयात मुलगा आणि मुलगी यांच्या गळ्यात या बाबतीत फारसा फरक नसतो. समूहात, न ताणता, धाकट्या गटातली बहुतेक मुलं या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत मोकळी गातात. कोणी त्याच्या खाली जाईल, कोणी वर चढेल, पण पंधरा मुलांचा सूर एकत्र लावायचा तर मला याच पट्ट्यात राहावं लागतं.

आता आपला पहिला अभंग घेऊ. त्याला मी भूप रागाच्या पाच स्वरांत चाल लावली आहे: सा, रे, ग, प, ध. मुलांना म आणि नी यांची अडचण सुरुवातीला नको, म्हणून भूप. चाल खालच्या 'ध'पर्यंत उतरते आणि अंतऱ्यात वरच्या 'सा'ला जाऊन थोडी थांबते. ही कुठल्या पट्टीत घ्यायची? मी स्वतः काळी चारमध्ये गाते, बऱ्याच बायकांची तीच पट्टी असते. त्यात घेतली तर वरचा 'सा' मुलांना अगदी सोपा, पण खालचा 'ध' इतका खोल जातो की मुलं तिथे नुसतं पुटपुटतात. काळी दोनमध्ये घेतली तर खालचा 'ध' बरोबर मधल्या पांढरी एकवर येतो, म्हणजे तळ नेमका सापडतो, पण वरचा 'सा' मुलांच्या हद्दीच्या अर्धा सूर बाहेर पडतो. पांढरी दोनमध्ये उलटं होतं. वरचा 'सा' हद्दीत बसतो आणि खालचा 'ध' अर्धा सूर बाहेर जातो.

यातला कोणता तोटा पत्करायचा हे चाल पाहून ठरवावं लागतं. आपल्या चालीत वरच्या 'सा'वर चार मात्रा थांबायचं आहे आणि खालच्या 'ध'ला नुसता स्पर्श करून परत यायचं आहे. जिथे थांबायचं तो सूर सुखाचा हवा. म्हणून धाकट्या गटाची पट्टी पांढरी दोन. ही मी कुणाच्या आग्रहाखातर बदलत नाही.

पट्टी चुकली की काय होतं, ते तुम्हाला घरीही ओळखता येईल. वर चढताना हनुवटी वर जाते, खांदे उचलले जातात, मानेची शीर दिसते आणि सूर वर चढण्याऐवजी आवाज नुसता मोठा होतो. खाली उतरताना शब्द ऐकू येतात पण सूर नसतो, बोलल्यासारखं होतं. अशी मुलं 'बेसूर' नसतात. त्यांना पट्टी झेपत नसते. 'हिला काही गळा नाही' असं म्हणून ज्यांची नावं वर्गातून काढायची पालकांची तयारी होती, त्यांतली कितीतरी मुलं पट्टी बदलल्यावर पहिल्याच शनिवारी सुरात आली आहेत. काहींना त्याहून वेळ लागतो, कारण त्यांनी सूर कानाने नीट ऐकलेलाच नसतो. पण तो निराळा प्रश्न, आणि त्यालाही उपाय आहे.

भजनी मंडळात मुलं बसतात तेव्हा हीच अडचण जास्त बोचते. आपल्याकडे पुरुषांची भजनं उंच पट्टीत चालतात, काळी चार, काळी पाचपर्यंत, आणि टिपेला गेल्याशिवाय रंग भरला असं कुणाला वाटत नाही. त्यात मुलाने पुरुषांबरोबर त्यांच्याच सप्तकात गायचं म्हटलं तर तळाचे सूर निसटतात, आणि एक सप्तक वर गायचं म्हटलं तर शेंडा हाती लागत नाही, मग किंचाळणं उरतं. मुलांनी वारीत, मंडळात जरूर जावं. तिथे टाळ वाजवावा, ध्रुपद धरावं, उंच ओळींना तोंड मिटून ऐकावं. न गाता ऐकण्याची लाज वाटू नये, एवढं मी वर्गात मुद्दाम सांगते.

घरी बाबा शिकवणार असतील तर एक सूचना. लहान मुलाला पुरुषाच्या आवाजावरून सूर पकडणं अवघड जातं, कारण त्याला तोच सूर आपल्या सप्तकात वर उचलून घ्यावा लागतो. पुष्कळ मुलं तसं न करता बाबांसारखा जाड आवाज काढायला जातात आणि खाली घसरतात. अशा वेळी बाबांनी गाऊन दाखवण्याऐवजी पेटीवर सूर वाजवून द्यावा, किंवा आई, ताई, आजी यांनी म्हणून दाखवावं. पेटी वाजवताना खर्जाचा स्टॉप बंद ठेवा. तो उघडा असला की एकाच पट्टीतून दोन सप्तकांचे सूर निघतात आणि मूल कोणता धरावा या गोंधळात पडतं. वर्गात मी पेटीला हात लावण्याआधी तो स्टॉप दाबते, हे मुलांनी तुम्हाला सांगितलं असेलच. काही जण मला तो दाबूही देत नाहीत, धावत येऊन स्वतः दाबतात.

मोठ्या गायकांची रेकॉर्डिंग ऐकायला द्या, पण त्यांच्याबरोबर गायला लावू नका. ती त्यांच्या पट्टीत असतात. सरावाला मोबाइलवरचा तानपुरा पुरतो: त्यात पट्टी `D` निवडा आणि पहिली तार पंचमाला ठेवा, मध्यमाला नको, कारण भूपात मध्यम नाही. मोठ्या गटाची पट्टी मी वेगळी देणार आहे. त्या गटातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांपैकी दोघांचा आवाज फुटू लागला आहे. त्यांना या सत्रात मी खालच्या सप्तकात, थोड्याच सुरांत गायला देईन आणि बाकी वेळ तबल्याजवळ बसवीन. त्यांना 'गा की जोरात' म्हणून कुणी टोकू नये. काही महिन्यांत नवा आवाज बसतो, तोवर जुना ओढून आणायचा नसतो.

आता 'एवढंच का?' या प्रश्नाकडे येते. चार महिन्यांत पंधरा अभंगांची चाल पाठ करून घेता येते, तसे वर्ग असतातही. पण माझ्या मते अभंग शिकवण्यातली खरी गंमत त्याच्या बांधणीत आहे आणि ती कळायला एकाच अभंगाशी बराच वेळ बसावं लागतं. आपले पहिले दोन्ही अभंग एकाच साच्यातले आहेत. चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. इथे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, नुसती अक्षरं मोजायची, आणि जोडाक्षरही एकच धरायचं. हे मुलांना आधी अभंगावर न शिकवता मी बनवलेल्या एका खुळ्या ओळीवर शिकवते:

पावसात चला, ओढ्याकाठी मला, बेडूक भेटला, हिरवासा.

बोटांवर मोजून घ्या. 'ओढ्याकाठी' यात 'ढ्या' एकच. सहा, सहा, सहा, चार. आता तबल्यावर भजनी ठेका आठ मात्रांचा आहे आणि अक्षरं सहाच. मग दोन मात्रा कुठून आणायच्या? सोपी तोड अशी की तिसरं आणि सहावं अक्षर दोन-दोन मात्रा लांबवायचं: पा, व, साऽ, त, च, लाऽ. एक आणि एक आणि दोन, पुन्हा एक आणि एक आणि दोन, झाल्या आठ. दुसरा चरणही असाच बसतो: ओ, ढ्या, काऽ, ठी, म, लाऽ. तिसऱ्या चरणात हाच नियम लावला की 'बेडूकऽ' म्हणावं लागतं, आणि 'क' ओढला की त्याचा 'का' होतो, मग वर्गभर 'बेडूका'चा धुमाकूळ. हसून झालं की मी विचारते, आता काय करूया? बहुतेक वेळा कुणीतरी आपसूक सुचवतं: 'डू' ओढूया. बे, डूऽ, क, भे, ट, लाऽ. मात्रा तेवढ्याच राहिल्या आणि बेडूकही वाचला. जुन्या चालींत असे फेरफार जागोजागी दिसतात. एकच चाल वेगवेगळ्या कडव्यांना लावताना गाणारे नकळत हेच करत असतात. मुलांना ते एकदा उमगलं की नवं कडवं ती माझ्याशिवाय बसवू शकतात, आणि मग पंधरा अभंग मी शिकवायची गरजच उरत नाही.

चौथ्या चरणात चारच अक्षरं आहेत, पण मात्रा आठच्या आठ भरायच्या: हि, र, वाऽ, आणि 'सा'वर चार मात्रा. या चार मात्रांवर माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. मुलांना शेवटचं अक्षर संपलं की गाणं संपलं असं वाटतं आणि ती पुढच्या ओळीवर उडी मारतात. एकाने दोन मात्रा खाल्ल्या की दुसरा तीन खातो आणि तबलजी समेवर एकटाच उरतो. लय पळायची सुरुवात जवळपास नेहमी इथूनच होते. म्हणून त्या चार मात्रांत मी एक काम दिलं आहे: पहिल्या दोन मात्रा सूर धरायचा, तिसरीवर तो सोडायचा, चौथीवर श्वास घ्यायचा. घरी म्हणताना पाल्य ओळीच्या शेवटी श्वास न घेता मध्येच शब्द तोडून घेत असेल, तर समजा की या चार मात्रा खाल्ल्या जात आहेत. तुम्ही शेजारी बसून नुसती टाळी देत राहिलात तरी पुरे.

भजनात लय शेवटी मुद्दाम चढवतात हे तुम्ही ऐकलं असेल. ते आपण या सत्रात करणार नाही. चढवलेली लय आणि पळालेली लय यांतला फरक मुलांच्या अंगात मुरायला वेळ लागतो. तोवर सगळं मध्य लयीत.

टाळ कधी देणार, हा मुलांचा आवडता प्रश्न आहे. गणेशोत्सवाच्या सुमारास देईन, आणि तेव्हाही चार मुलांत एकच जोडी. बाकीची हाताने टाळी धरतील आणि पाळीपाळीने बदलतील. बंद खोलीत पंधरा जोड्या एकदम वाजल्या तर कुणालाच आपला सूर ऐकू येत नाही, आणि सूर ऐकू आला नाही की मूल ओरडतं. शिवाय टाळ वाजवण्याचीही एक पद्धत आहे. दोन्ही टाळ समोरासमोर सपाट आदळले तर मध्ये हवा कोंडते आणि 'थप' असा बसका आवाज येतो. एकाची कड दुसऱ्याच्या कडेवर किंचित तिरकी लागली की तो खणखणतो. मोठ्यांचे काशाचे टाळ लहान मनगटाला जड पडतात. वर्गासाठी लहान टाळ आणले आहेत, तुम्ही विकत घेऊ नका. घरात जुने असतील तर पाल्याच्या हाती द्यायला हरकत नाही, पण दोरी बोटाला करकचून गुंडाळू देऊ नका.

गौळण दसऱ्यानंतर घेऊ. ती अभिनयाने म्हणायची असल्यामुळे मुलं तिच्यात लगेच रमतात, तिच्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. पसायदान मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवते. ते ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येतं, त्याच्या नऊ ओव्या आहेत. ओवीत पहिले तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड असतो, पण अक्षरांची संख्या अभंगासारखी बांधलेली नसते. त्यामुळे वर सांगितलेला सहा-सहा-सहा-चारचा हिशेब तिथे लावता येत नाही. आपण ते तबल्याशिवाय, टाळाशिवाय, एका श्वासात एक चरण असं म्हणणार आहोत. ठेक्याचा आधार काढून घेतल्यावर पंधरा मुलांनी एका वेळी थांबायचं आणि एका वेळी सुरुवात करायची, हे ठेक्यावर गाण्यापेक्षा कठीण आहे. त्यासाठी आधीचे तीन महिने एकमेकांचा श्वास ऐकण्याची सवय लागलेली असावी लागते.

काही पालकांनी खासगीत विचारलं की आमच्या घरी हे वातावरण नाही, मुलाने यावं का? जरूर यावं. वर्गात नमस्काराची सक्ती नाही, मंदिरातल्या कार्यक्रमाला आत जायचं नसेल त्याने बाहेरच्या मंडपात बसून गावं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग वारकरी आजही गातात. या गाण्यात शिरताना कुणाला आडनाव विचारायची रीत मुळात नाही.

आता तब्येतीचं. वर्गानंतर घसा दुखत असेल, आवाज बसत असेल तर मला लगेच कळवा, मुलाला रागावू नका. एखाद्या दिवशी खेळात ओरडून आवाज बसणं साधं आहे, दोन-तीन दिवस कमी बोललं, पाणी पीत राहिलं की सुटतो. कुजबुजायला मात्र सांगू नका, जोर लावून कुजबुजल्याने घशाला विश्रांती मिळत नाही. बसका आवाज दोन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येऊ शकतात. त्या बहुतेक वेळा ओरडणं थांबवल्यावर आणि आवाज वापरण्याची पद्धत सुधारल्यावर कमी होतात, पण आधी तपासून घेतलेलं बरं. मध-आलं-ज्येष्ठमध द्यायचं तर द्या, घशाला बरं वाटतं. ताणलेला सूर त्याने सैल होत नाही.

सरावाला रोज दहा मिनिटं पुरेत, आणि जेवणानंतर लगेच नकोत. पहिली तीन मिनिटं तानपुऱ्यावर नुसता 'सा', मग पाच स्वर वर-खाली, मग अभंगाचं एकच कडवं. पाहुणे आले की 'म्हणून दाखव' असा आग्रह होतो, तो पहिले दोन महिने टाळता आला तर पाहा. पाहुण्यांसमोर मूल उभ्या उभ्या, पेटीशिवाय, घाबरून कुठलीतरी उंच पट्टी धरतं, आणि महिनाभर बसवलेला सूर एका संध्याकाळी हलतो.

दिवाळीची सुट्टी या सत्रातली सगळ्यात अवघड जागा आहे. सुट्टीत मुलं मामाच्या गावी जातात, रात्री जागतात, फटाक्यांच्या धुरात ओरडतात, आणि भाऊबीज झाल्यावर साधारण नऊ दिवसांनी कार्तिकी एकादशी येते. त्यामुळे मध्ये एकच वर्ग मिळतो. सुट्टीत निदान तानपुरा आणि 'सा' एवढं तरी सुटू देऊ नका.

कार्तिकीच्या दिवशी मुलांना चार वाजता पोटभर पण हलकं खायला घालून आणा, दही आणि थंड सरबत नको. देवळात मंडळाचं भजन आधीपासून चालू असेल, आणि त्यांची पेटी, त्यांची पट्टी तिथे असेल. मुलांच्या वेळी आपली पेटी लागेल आणि 'सा' पांढरी दोनचाच राहील, हे मंडळाच्या बुवांशी बोलून ठरलं आहे. ते हसले आणि म्हणाले, 'मग आम्ही मागे हळू धरतो.' माइक मुलांच्या तोंडाजवळ न देता समोर हातभर अंतरावर दोनच ठेवणार आहोत, म्हणजे कुणा एकाचा आवाज वर निघणार नाही. फोटो काढायला पुढे येणाऱ्यांनी कृपया तबला आणि मुलं यांच्या मध्ये उभं राहू नये, मुलांना तबलजीचे हात दिसावे लागतात.

येत्या शनिवारी मी प्रत्येक मुलाचा आवाज एकेकट्याने ऐकून त्याची हद्द वहीत लिहून देईन. ते पान पाहायला पालकांपैकी एकाने शेवटची दहा मिनिटं थांबावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
संगीताच्या बाई